क्लाउड गेमिंग: बटण नागपुरात, गेम मुंबईत

माझा भाचा नागपुरात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्याकडे सहा वर्षांपूर्वीचा साधा लॅपटॉप आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. एका रात्री त्याचा फोन आला, "मामा, घरी शंभर एमबीपीएसचं नेट आहे, स्पीड टेस्टलाही पूर्ण शंभर दिसतंय. तरी क्लाउडवर गेम खेळताना हात जड होतो. दुपारी सगळं झकास चालतं, रात्री आठ वाजले की बिघडतं."

या तक्रारीचं उत्तर शोधताना क्लाउड गेमिंगचं सगळं अंतरंग उलगडतं, म्हणून त्याच वाटेने जाऊ.

एरवी गेम आपल्या मशीनवर चालतो. आपण बटण दाबतो, प्रोसेसर ठरवतो की पात्राने उडी मारली, ग्राफिक्स कार्ड त्या क्षणाचं चित्र रंगवतं आणि स्क्रीन ते दाखवते. चित्रं सेकंदाला साठ वेळा बदलतात. या प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. क्लाउड गेमिंगमध्ये यातलं मधलं काम दूरच्या डेटा सेंटरमध्ये होतं. तिथे कपाटासारख्या रॅकमध्ये ताकदवान ग्राफिक्स कार्डं बसवलेली असतात आणि त्यातल्या एकाचा वाटा खेळण्यापुरता तुम्हाला मिळतो. तुमच्या घरून तिकडे फक्त बटणांची माहिती जाते आणि तिकडून इकडे व्हिडिओ येतो. लॅपटॉपला गेमचा पत्ताही नसतो. तो फक्त व्हिडिओ उलगडून दाखवतो आणि बटणं पुढे कळवतो. म्हणूनच ज्या गेमला १५० जीबी जागा लागते, तोही काही न उतरवता मिनिटभरात सुरू होतो.

मग हे यूट्यूबसारखंच झालं की, असं वाटेल. पण इथे एक मोठा फरक आहे. यूट्यूबवरचा व्हिडिओ आधीच तयार असतो. म्हणून तुमचा फोन पुढचे अनेक सेकंद गुपचूप उतरवून ठेवतो आणि नेट दोन सेकंद गेलं तरी तुम्हाला कळत नाही. गेममध्ये पुढचा सेकंद अजून घडलेलाच नसतो. तुम्ही डावीकडे वळणार की उजवीकडे, हे तुम्ही वळेपर्यंत कोणालाच माहीत नाही. त्यामुळे साठवण करायला काही नसतंच. प्रत्येक फ्रेम ताजी बनते, ताजी निघते आणि लगेच दाखवावी लागते. सिनेमा पाहण्यासाठी उत्तम असलेलं नेट गेमला अपुरं का पडतं, ते इथे कळतं. सिनेमाला फक्त पुरेसा डेटा लागतो. गेमला तो दर वेळी वेळेवर लागतो.

आता एक उडी शेवटपर्यंत पाहू. सर्व्हर मुंबईत आहे आणि खेळणारा नागपुरात, असं धरा. पुढचे आकडे अंदाजाचे आहेत, पण चांगल्या जोडणीवर साधारण असेच येतात. कंट्रोलरचा सिग्नल ब्लूटूथने लॅपटॉपपर्यंत पोचायला ८ मिलिसेकंद. तिथून वाय-फाय, राउटर आणि फायबर पार करून मुंबईला जायला १२. गेमने ते बटण वाचून नवं चित्र रंगवायला ३०. त्या चित्राचा व्हिडिओ बनवायला ६. परतीच्या प्रवासाला पुन्हा १२. लॅपटॉपने व्हिडिओ उलगडायला ७ आणि स्क्रीनवर उमटायला १५. एकूण ९० मिलिसेकंद. हाच गेम घरच्या मशीनवर असता तर कंट्रोलर, गेम आणि स्क्रीन एवढंच उरलं असतं, म्हणजे ५३. क्लाउडमुळे वाढले ३७.

हा हिशोब मुद्दाम मांडला, कारण "क्लाउडवर लॅग येतो" म्हणणाऱ्या बहुतेकांना हे माहीत नसतं की घरच्या मशीनवरही बटण आणि चित्र यांच्यात शून्य अंतर कधीच नसतं. काही टीव्ही तर चित्र सुंदर करण्याच्या नादात एकटेच पन्नास मिलिसेकंद खातात. टीव्हीवर खेळणार असाल तर आधी सेटिंगमधला गेम मोड सुरू करा. नेटवर एक रुपयाही खर्च न करता मिळणारी ही सर्वात मोठी सुधारणा आहे.

व्हिडिओ बनवण्याच्या सहा मिलिसेकंदांकडे जरा जवळून पाहू. फुल एचडी चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला २४ बिट लागतात आणि अशी साठ चित्रं दर सेकंदाला. गुणाकार केला तर सेकंदाला जवळपास ३०० कोटी बिट होतात, म्हणजे ३००० एमबीपीएस. हे कोणत्याही घरगुती नेटवर मावणार नाही. म्हणून ग्राफिक्स कार्डातच एन्कोडर नावाचा वेगळा भाग असतो, तो हे सगळं दाबून २० एमबीपीएसच्या आसपास आणतो. दीडशेपट लहान. हे जमतं कारण एका फ्रेममधून दुसरीत फार थोडं बदलतं. मागची भिंत तीच असते, आकाश तेच असतं. एन्कोडर चित्राचे चौकोनी तुकडे पाडतो आणि "हा तुकडा जशाचा तसा, हा चार ठिपके डावीकडे सरकला, हा मात्र नवा" एवढंच कळवतो.

यातूनच त्याची मर्यादाही दिसते. पात्र शांत उभं असताना चित्र काचेसारखं स्वच्छ असतं. तेच पात्र पावसात, उंच गवतातून धावत गर्रकन वळलं की एकाच क्षणी सगळे तुकडे नवे होतात. दिलेल्या मापात ते बसत नाहीत आणि चित्र मळल्यासारखं, चौकटीचौकटीचं दिसतं. वळणं थांबलं की पुन्हा साफ होतं. हा बिघाड समजू नका, एन्कोडरचा तो नेहमीचा स्वभावच आहे.

आता स्पीडचं. एनव्हिडियाच्या जीफोर्स नाऊ या सेवेची अट ७२०पी चित्राला १५ एमबीपीएस आणि फुल एचडीला २५ एमबीपीएस अशी आहे, दोन्ही सेकंदाला साठ फ्रेमवर. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स क्लाउड गेमिंगला मोबाइलवर किमान १० आणि मोठ्या पडद्यावर २० लागतात. ही सेवा नोव्हेंबर २०२५ पासून भारतातही अधिकृतपणे मिळते. म्हणजे घरात एकच जण नेट वापरत असेल तर ३० ते ४० एमबीपीएसचा प्लॅन पुरतो. तीनशेचा प्लॅन घेतल्याने गेम सुधारत नाही, कारण सर्व्हर तुम्हाला पंचवीसच पाठवतो. उरलेला स्पीड घरच्यांच्या उपयोगी पडेल, गेमच्या नाही.

स्पीडइतकीच दुसरी अट असते आणि ती लोक वाचत नाहीत. जीफोर्स नाऊला सर्व्हरपर्यंतची जा-ये ८० मिलिसेकंदांच्या आत लागते, शक्यतो ४० च्या आत. या जा-येच्या वेळेला पिंग म्हणतात. पिंग पैशाने फारसा कमी होत नाही, कारण तो अंतराशी बांधलेला असतो. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात दोनशे किलोमीटर. नागपूर ते मुंबई तार नऊशे किलोमीटरची धरली तर नुसत्या प्रकाशाला जाऊन यायला ९ मिलिसेकंद लागतात. वाटेतले राउटर आणि वळसे धरून ते वीस-पंचवीसपर्यंत जातं. सर्व्हर सिंगापूरला असेल तर मुंबईहूनच किमान ४० आणि प्रत्यक्षात बरंच जास्त. युरोपात असेल तर शंभराच्या पलीकडे. भारतात सर्व्हर नसताना अनेकांनी परदेशातल्या सेवा जुगाड करून वापरून पाहिल्या आणि "क्लाउड गेमिंग बेकार" असा शिक्का मारला. त्यांचा अनुभव खरा होता, पण दोष अंतराचा होता.

पिंगची सरासरीही पुरेशी नाही. समजा सरासरी पंचवीस आहे, पण डेटाचे लहान तुकडे, ज्यांना पॅकेट म्हणतात, बहुतेक वीसमध्ये येतात, मधेच एखादं साठमध्ये, त्यापुढचं पुन्हा वीसमध्ये. या चढउताराला जिटर म्हणतात. दर १६-१७ मिलिसेकंदांनी एक फ्रेम दाखवायची असते, तिथे साठला आलेल्या फ्रेमची पाळी केव्हाच निघून गेलेली असते. लोकल ट्रेन दर पाच मिनिटांनी आली तर प्लॅटफॉर्मवर गर्दी होत नाही. तेवढ्याच लोकल वीस मिनिटं थांबून एकामागोमाग चार आल्या, तर दिवसाची संख्या तीच, पण प्रवाशांचे हाल.

आणि हरवणारी पॅकेट. २० एमबीपीएसचा व्हिडिओ सुमारे १२०० बाइटच्या पॅकेटमध्ये भरला तर सेकंदाला दोन हजारांवर पॅकेट होतात, म्हणजे एका फ्रेमला पस्तीसच्या आसपास. शंभरातलं एक हरवलं तर सेकंदाला वीस पॅकेट गेली आणि ती विखुरलेली असली तर साठातल्या वीस फ्रेम जखमी झाल्या. यूट्यूब हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवून घेतो, त्याच्याकडे वेळ असतो. इथे पुन्हा मागवेपर्यंत तो क्षण बहुतेक वेळा संपलेला असतो. म्हणून या सेवा थोडी जादा माहिती आधीच जोडून पाठवतात, जिच्यावरून हरवलेला तुकडा भरून काढता येतो. त्यालाही मर्यादा आहे. एक टक्का नुकसान स्पीड टेस्टमध्ये दिसतही नाही, गेममध्ये मात्र खुपतं.

एवढं समजलं की बिघाड ओळखणं सोपं होतं. चित्र सतत मळकट असेल तर स्पीड कमी पडतोय. चित्र स्वच्छ आहे पण झटके खातंय, मधेच गोठतंय, तर जिटर किंवा पॅकेटचं नुकसान, आणि हे बहुतेक वेळा वाय-फायमुळे होतं. चित्र स्वच्छ, हालचाल सुरळीत, पण बटण दाबल्यावर सगळं उशिरा घडतंय, तर पिंग वाढलाय.

भाच्याने काय सांगितलं होतं? "हात जड होतो." मी विचारलं, चित्र फाटतं का? नाही म्हणाला. अडकतं का? क्वचित. म्हणजे तिसरा प्रकार. मग त्याच्या विंडोज लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडून, दुपारी आणि पुन्हा रात्री आठनंतर, या दोन कमांड चालवायला सांगितल्या.

```
ping -n 100 192.168.1.1
ping -n 100 8.8.8.8
```

पहिली कमांड घरातल्या राउटरपर्यंतचा वेळ मोजते. त्याच्या राउटरचा पत्ता हाच होता, तुमचा वेगळा असू शकतो. दुसरी कमांड बाहेर, गूगलच्या सर्वात जवळच्या सर्व्हरपर्यंतचा वेळ मोजते. तो गेमचा सर्व्हर नव्हे, पण घराबाहेरच्या वाटेचा अंदाज येतो. दुपारी राउटर २ मिलिसेकंद, बाहेर २४. रात्री राउटर २ ते ३, बाहेर मात्र २८० पर्यंत. राउटरपर्यंतचा आकडा हलला नाही, म्हणजे वाय-फाय निर्दोष. तोच आकडा रात्री चाळीस-पन्नास झाला असता तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा मी लॅपटॉप तारेने राउटरला जोडायला लावला असता, निदान वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ बँडवरून ५ गिगाहर्ट्झवर यायला सांगितलं असतं. फ्लॅटच्या इमारतीत २.४ वर शेजारपाजारचे वीस राउटर एकाच वेळी बोलत असतात.

पण इथे राउटरच्या पुढे काहीतरी तुंबत होतं. प्लॅन पाहिला. डाउनलोड १००, अपलोड जेमतेम १०. रात्री आठला काय बदलतं घरात? ताई क्लासेस घेऊन परत येते. तिचा फोन वाय-फायला लागतो आणि दिवसभराचे फोटो, शिकवण्याचे व्हिडिओ आपोआप बॅकअपला जाऊ लागतात. दहाचा अपलोड त्यानेच भरून जातो. राउटर जादा पॅकेट फेकून देत नाही, रांगेत उभी करतो. त्या लांब रांगेच्या शेवटी भाच्याच्या बटणाचं इवलंसं पॅकेट येऊन उभं राहतं आणि अडीचशे मिलिसेकंद थांबतं. व्हिडिओ डाउनलोडच्या मोकळ्या बाजूने येत असल्यामुळे चित्र सुरेख, हात मात्र जड. स्पीड टेस्टला शंभर दिसत होतं तेही खरंच, कारण तो फक्त डाउनलोडचा मोठा आकडा पाहत होता.

यावर चांगला उपाय राउटरमध्येच असतो. काही राउटरमध्ये क्यूओएस नावाची सोय असते. तिथे अपलोडची मर्यादा प्रत्यक्षापेक्षा थोडी खाली, म्हणजे दहाच्या जागी साडेआठ किंवा नऊ, लावली की पुढच्या उपकरणात रांग साचत नाही. आणि राउटरला रांग हुशारीने हाताळता येत असेल तर लहान पॅकेट मोठ्यांच्या मागे अडकत नाहीत. त्यांच्या घरी कंपनीने दिलेल्या राउटरमध्ये ही सोय नव्हती. मग ताईच्या फोनचा वाय-फाय बॅकअप बंद करून, झोपताना चार्जिंगला लावल्यावर हाताने सुरू करायचा, एवढंच ठरवलं. दुसऱ्या दिवशी रात्री साडेआठला बाहेरचा पिंग २६ होता.

याचा खरा फायदा कोणाला, हे आता सांगता येईल. माझ्या मते सर्वात जास्त फायदा भाच्यासारख्यांना. घरी फायबर आहे, सर्व्हर देशात आहे, मशीन जुनं आहे आणि खेळायला आठवड्याला सहा-आठ तासच मिळतात. चांगला गेमिंग पीसी घ्यायचा तर लाखाच्या आसपास जातात आणि तो आठवड्यातले बाकीचे एकशे साठ तास नुसता बसून राहतो. क्लाउडवर तेच कार्ड तुम्ही नसताना दुसऱ्याच्या उपयोगी येतं, म्हणून परवडतं. त्याची दुसरी बाजू अशी की रविवारी रात्री सगळ्यांनाच खेळायचं असतं, तेव्हा रांग लागते. जीफोर्स नाऊच्या मोफत स्तरावर एका तासाला सत्र संपतं आणि पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं. पैसे भरणाऱ्यांनाही महिन्याला शंभर तासांची मर्यादा आहे. रोज चार-पाच तास खेळणाऱ्याने स्वतःच्या मशीनचाच विचार करावा.

खेळाचा प्रकारही पाहा. बाल्डर्स गेट ३ किंवा सिव्हिलायझेशनसारख्या गेममध्ये आपली पाळी आली की विचार करून चाल खेळायची असते. तिथे ३७ मिलिसेकंदांचा फरक कळतच नाही. कथेवर चालणारे, मोकळ्या जगात फिरवणारे गेमही छान चालतात. नेमबाजीच्या स्पर्धात्मक गेममध्ये, जिथे समोरचा घरच्या मशीनवर खेळतोय, तिथे हे ३७ तुम्ही रोज हरता. फायटिंग गेम आणि अचूक टायमिंगचे क्रिकेट गेमही त्याच यादीत. ई-स्पोर्ट्समध्ये उतरायची इच्छा असलेल्या मुलाला पालकांनी "क्लाउडवर खेळ की" असं सांगू नये, त्याची कुरकुर रास्त आहे.

फक्त मोबाइल डेटावर असलेल्यांनी मात्र जपून. २० एमबीपीएस म्हणजे तासाला ९ जीबी. दिवसाला दोन जीबीचा पॅक तेरा मिनिटांत संपतो. अमर्यादित ५जी असेल तर डेटाची चिंता नाही, पण टॉवरवरची गर्दी मिनिटागणिक बदलते आणि तीच जिटर बनून दिसते. घरच्या फायबरवर ही अडचण नाही. अनेक प्लॅनमध्ये महिन्याला ३३०० जीबी मिळतात आणि रोज दोन तास खेळूनही साडेपाचशेच्या आत भागतं.

पैसे भरण्याआधी आणखी एक पाहा, की गेम कोणाच्या मालकीचा राहतो. गूगलने १९ नोव्हेंबर २०१९ ला स्टेडिया सुरू केलं आणि १८ जानेवारी २०२३ ला बंद केलं. तिथे विकत घेतलेले गेम फक्त तिथेच चालत होते. गूगलने लोकांचे पैसे परत केले, पण दुसरी कंपनी ते करेलच असं नाही. जीफोर्स नाऊवर तुम्ही स्टीम किंवा एपिकसारख्या ऑनलाइन गेम-दुकानांतून घेतलेले गेम चालतात, त्यामुळे सेवा सोडली तरी गेम तुमच्या खात्यात राहतात. मात्र प्रकाशकाने परवानगी दिलेलेच गेम तिथे चालतात. २०२० मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन आणि बेथेस्डा यांनी आपले गेम तिथून काढून घेतले होते. एक्सबॉक्सच्या गेम पासमध्ये बरेचसे गेम वर्गणी चालू असेपर्यंतच तुमचे.

भाच्याने मोफत स्तरावर महिनाभर खेळून पाहिलं आणि मगच स्टीमच्या सेलमध्ये पहिला गेम घेतला. मित्रांशी बीजीएमआय तो अजूनही फोनवरच खेळतो. आणि ताईचा फोन रात्री अकराला चार्जिंगला लागतो.